चुलीचा धूर आणि डोळ्यांची आग

डोळ्यांची आग आणि घशात खवखव अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनींना मी आधी एकच प्रश्न विचारतो : चार दिवस माहेरी स्वयंपाकापासून सुटी मिळाली, की त्रास कमी होतो का? उत्तर 'हो' असेल, तर दुखण्याचे मूळ बहुधा स्वयंपाकघरात असते.

पन्नाशीच्या एका बाई कित्येक महिने डोळ्यांत थेंब घालत होत्या. घरी गॅस होता, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. सरपण म्हणजे पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या. ओले लाकूड नीट पेटत नाही. ते अर्धवट जळते आणि त्यातून झोंबणारे वायू व काजळीचे बारीक कण निघतात. गरम धूर आधी छताखाली साठतो. वर वाट नसली, की तो चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत उतरतो. या घरात खिडकी होती, पण खाली.

मी त्यांना तीन गोष्टी सुचविल्या. पाण्याची चूल अंगणात हलवावी, सरपण छपराखाली वाळवावे आणि चुलीवर छपराबाहेर जाणारे धुराडे बसवावे. स्वयंपाक करताना दार उघडे ठेवावे, म्हणजे खालून ताजी हवा येते. तीन आठवड्यांत डोळ्यांची आग बरीच थांबली.

धुराडे काजळीने तुंबले, की धूर पुन्हा घरात फिरतो. तेव्हा ते अधूनमधून झाडावे. एवढे करूनही अंधुक दिसत असेल, डोळा ठणकत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे.