सब्जा, चिया आणि जवस : पाण्यात पडल्यावर काय घडते?

वैशाख लागला की नागपूरच्या इतवारीतील किराणा दुकानांत सब्ज्याची मागणी वाढते. सरबत, फालुदा, गुलाबाचे दूध यांत तो अनेक पिढ्यांपासून पडत आला आहे. त्याच फळीवर आता चियाची पाकिटेही दिसतात. जवसाची ओळख तर विदर्भाला वेगळी करून द्यायला नको. पश्चिम महाराष्ट्रात तिला अळशी म्हणतात. पूर्व विदर्भात धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर जवस फेकून उतेरा पीक घेण्याची रीत आहे, आणि जवसाची चटणी येथील जेवणात नित्याचीच. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर संशोधन चालते व ‘एनएल’ या अक्षरांनी ओळखले जाणारे वाण तेथूनच आले आहेत.

या तिन्ही बिया पाण्यात बुळबुळीत होतात, म्हणून त्या एकमेकींच्या जागी चालतील असा समज घरोघरी रूढ होऊ लागला आहे. मग जवस सरबतात घातले जाते आणि ते कडक दाणे कोणालाच आवडत नाहीत. सब्ज्याची खीर घट्ट होण्याची वाट पाहिली जाते आणि ती पातळच राहते. दोष कृतीचा नसतो, निवडीचा असतो. बुळबुळ तिन्हींत आहे. पण ती बीजाला धरून राहते की पाण्यात उतरते, यावर त्या बीजाचा उपयोग ठरतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. तीन काचेचे पेले घ्यावेत. प्रत्येकात सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे, गाळलेले साधे पाणी ओतावे. एकात सब्जा, दुसऱ्यात चिया, तिसऱ्यात अख्खे जवस, प्रत्येकी चहाचा एक सपाट चमचा घालून ढवळावे. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळणे आवश्यक आहे. एरवी बिया एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि आतल्या कोरड्याच राहतात.

पहिल्या पाच मिनिटांतच सब्ज्याचा पेला बदललेला दिसतो. प्रत्येक काळ्या दाण्याभोवती करडी-पांढरी, अर्धपारदर्शक प्रभावळ उमटते. पंधरा-वीस मिनिटांत फुगणे जवळजवळ पूर्ण होते. सब्जा आपल्या वजनाच्या वीसपट व कधी त्याहून अधिक पाणी धरतो, त्यामुळे लहान पेल्यातील बहुतेक पाणी तो सामावून घेतो. तरीही दाणे सुटे असतात. जिभेवर ते घसरतात आणि दाताखाली मधला कण हलकेच कुरकुरतो.

चियाला अधिक वेळ लागतो. तिची प्रभावळ लहान व कमी उठावदार असते. साधारण अर्ध्या तासात ती वजनाच्या दहा-बारापट पाणी घेते. परंतु येथे शेजारच्या दाण्यांच्या प्रभावळी परस्परांत मिसळतात आणि सुटे मणी न राहता सलग, मऊ लगदा तयार होतो. चमच्याने उचलला तर तो तुकड्याने उचलला जातो.

जवसाच्या पेल्यात मात्र अर्ध्या तासानेही फारसे काही घडलेले वाटत नाही. दाणा तसाच चपटा, तपकिरी, तुकतुकीत. किंचित जाडावलेला एवढेच. बदल झालेला असतो तो पाण्यात. बोटांत घेऊन पाहिल्यास चिरलेल्या भेंडीसारखा चिकटपणा जाणवतो. काही तासांनी ते पाणी अधिक दाट होते. दाणा चावला तर टणकच लागतो.

आता तिन्ही पेले एकेक करून चहाच्या गाळणीतून गाळावेत. सब्जा सगळा गरासकट गाळणीत राहतो आणि उरलेले थोडे पाणी स्वच्छ खाली येते. चियाचा लगदा बहुतांशी वरच अडतो, थोडा दाट थेंब सावकाश गळतो. जवसाचे उलट होते: दाणे वर राहतात आणि चिकट द्रव खाली उतरतो.

या फरकाचे कारण दाण्याच्या बाहेरच्या थरात आहे. आपण ज्याला सब्ज्याचे बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बारीक फळच असते. त्याच्या सालीतील पेशी पाणी मिळताच फुटतात आणि चिकट गर बाहेर पडतो. त्या गरात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात. त्यांचे एक टोक दाण्याशी घट्ट असल्यामुळे गर दाण्यापासून सुटत नाही. चिया ही सब्ज्याप्रमाणेच तुळशीच्या कुळातील, म्हणून तिची रचनाही जवळची. जवस वेगळ्या कुळातील. त्याचा गरही वेगळ्या प्रकारचा आहे. त्यात सेल्युलोजच्या धाग्यांचा तो सांगाडा नसतो, त्यामुळे तो पाण्यात विरघळत उतरतो.

एवढे समजले की उपयोग आपोआप ठरतात. पेयात सुटे दाणे तरंगावेत असे वाटत असेल तेथे सब्जाच हवा. मात्र तो थेट सरबतात भिजवू नये. लिंबाचा आंबटपणा, मीठ आणि साखरेचा दाट पाक यांत गर पूर्ण फुगत नाही. आधी साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवून, मग सरबतात मिसळावा. फार थंड पाण्यातही तो रेंगाळतो. कोमट पाण्यात लवकर फुगतो. उकळून निवविलेले पाणी वापरणाऱ्या घरांत ते पूर्ण गार होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

घट्टपणा हवा असेल तेथे चिया उपयोगी. वजनाने एक भाग चिया आणि दहा भाग दूध किंवा नारळाचे दूध घेतले, पहिल्या दहा मिनिटांत दोनदा ढवळले, की चमच्याने खाण्याजोगी खीर तयार होते. शिजवून कुस्करलेल्या फळात थोडी चिया मिसळल्यास साखर न वाढवता ते दाटते. ‘रात्री भिजवा, सकाळी खा’ असे पाकिटांवर लिहिलेले असते. परंतु फुगण्याचे मुख्य काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकते. रात्रभरात लगदा थोडा अधिक घट्ट होतो, एवढेच. म्हणून ज्या घरांत रात्रभर ओले राहिलेले अन्न सकाळी चालत नाही, त्यांनी ते सकाळीच भिजवले तरी काही उणे पडत नाही. सूर्यास्तापूर्वी खाणेपिणे आटोपणाऱ्यांनाही सायंकाळी सब्ज्यासाठी वीस मिनिटे आणि चियासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी असला की पुरे.

जवसाचे दोन उपयोग या पाण्यातील चिकटपणावरच उभे आहेत. पहिला बिनअंड्याच्या केकचा. भाजून गार केलेल्या जवसाची बारीक पूड एक माप आणि पाणी तीन मापे एकत्र करून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. त्याला तार सुटू लागली की ते तयार झाले असे समजावे. पिठातील कण बांधून ठेवण्याचे काम ते चांगले करते; हवा धरून केक फुलवण्याचे काम करीत नाही. त्यामुळे खजुराचा किंवा अक्रोडाचा भरीव केक साधतो, हलका स्पंज केक साधत नाही. दुसरा उपयोग केसांना लावण्याच्या लेपाचा. दोन मोठे चमचे अख्खे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावे आणि द्रव दाटू लागताच, गरम असतानाच, कापडातून गाळावे. निवल्यावर तो इतका दाट होतो की कापडातून उतरतच नाही.

अख्खे भिजवलेले जवस खाण्यात मात्र फारसा लाभ नाही. त्याचे तेल टणक सालीच्या आत असते. दाणा न चावला गेल्यास तो पोटातून तसाच बाहेर पडतो. म्हणून विदर्भात जवस भाजून, कुटून खाण्याची जी चाल आहे ती विचारपूर्वकच म्हणावी लागेल. कच्च्या जवसात सायनाइड मुक्त करू शकणारे काही घटक अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने तेही कमी होतात. पूड मात्र आठवड्यापुरतीच करावी. जवसाचे तेल हवेने लवकर बदलते, याच गुणामुळे ते रंग व वार्निशात वापरले जाते. पुडीला रंगासारखा उग्र वास किंवा कडवट चव आली, तर ती टाकून द्यावी.

खरेदीत सर्वांत जास्त गल्लत सब्जा आणि चिया यांत होते. सब्जा काळा, निस्तेज आणि एका टोकाला किंचित निमुळता. चिया गुळगुळीत, तुकतुकीत. तिच्यावर करडे-तपकिरी ठिपके किंवा रेषा, मधूनच पांढरे दाणे. शंका आली तर चिमूटभर दाणे पाण्यात टाकावेत. पाच मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती जाड प्रभावळ आली तर तो सब्जा. चिया मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडील. पण वाशीम जिल्ह्यातील काही शेतकरी अलीकडे रब्बीत ती घेऊ लागले आहेत.

निवडणे-शोधणे कोरडेच करावे, हेही लक्षात ठेवण्याजोगे. पाण्याचा हात लागताच या बिया चिकटतात आणि खडा, काडी किंवा जीव त्यांत दिसेनासा होतो. पांढऱ्या कागदावर पातळ पसरून, चाळून, मगच पाणी घालावे.

शेवटी एक इशारा. चिया किंवा सब्जा कोरडा तोंडात टाकून वर पाणी पिणे धोक्याचे आहे. २०१४ साली अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका ३९ वर्षांच्या रुग्णाची हकिगत मांडण्यात आली. त्याने चमचाभर कोरडी चिया गिळून वर पाणी प्यायले. दाणे अन्ननलिकेतच फुगले आणि दुर्बिणीच्या साहाय्याने तो लगदा हलवावा लागला. लहान मुले आणि गिळण्यास त्रास होणारे वृद्ध यांच्या बाबतीत हे विशेष जपावे. त्यांच्यासाठी दाणा पूर्ण फुगलेला आहे याची खूण सोपी आहे: बोटांत चिरडला असता भोवतालचा गर सगळीकडे मऊ लागावा आणि पेल्याच्या तळाशी कोरडा, बारीक दाणा एकही उरलेला नसावा. नियमित औषधे घेणाऱ्यांनी औषध आणि या बिया यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण हा गर औषधाचे शोषण मंदावू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.