पिरॅमिड छापण्याआधी तक्ता मांडा

सी भाषा शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलमध्ये ताऱ्यांचा पिरॅमिड हमखास छापावा लागतो. कागदावर तो कुणीही अर्ध्या मिनिटात काढतो. प्रोग्रॅम लिहायला बसलं की मात्र गाडी अडते, आणि बहुतेक जण मग उत्तर पाठ करतात. परीक्षेत तोच पिरॅमिड उलटा विचारला की पाठांतर कामाला येत नाही.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. कागदावर आपण शिखर काढतो, दोन्हीकडे तिरप्या रेघा ओढतो आणि मधली जागा भरतो. पडद्यावर तसं होत नाही. तिथे जुन्या टाइपरायटरसारखं एकामागे एक अक्षर उमटतं, डावीकडून उजवीकडे. ओळ मोडली की खालची ओळ सुरू होते, आणि साध्या `printf` ने वरच्या ओळीत परत जाता येत नाही. म्हणजे यंत्राला तिरपी बाजू ठाऊकच नाही. त्याला सांगायचं ते एवढंच: या ओळीत आधी किती मोकळ्या जागा, मग किती तारे, आणि मग ओळ मोड.

हे एका ओळीपुरतं सांगायला साधा लूप पुरतो. पण ओळी अनेक असतात, म्हणून त्याच्याभोवती दुसरा लूप येतो. बाहेरचा लूप ओळी मोजतो, त्याचा मोजणारा `i`. आतला लूप त्या ओळीतले तारे मोजतो, त्याचा मोजणारा `j`. आतल्या लूपची अट `j <= n` असेल तर प्रत्येक ओळीत सारखेच तारे पडतात आणि चौकोन उमटतो. तिथे `n` च्या जागी `i` लिहा, पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन असा त्रिकोण तयार! आकार बदलला तो केवळ एका अक्षरामुळे, कारण आतल्या लूपची मर्यादा आता बाहेरच्या लूपवर अवलंबून आहे. पॅटर्नच्या साऱ्या गणितांचं मर्म या एका बदलात आहे, त्यामुळे पुढे जाण्याआधी हे दोन्ही आकार स्वतः छापून पाहावेत.

आता चार ओळींचा पिरॅमिड घेऊ.

```
   *
  ***
 *****
*******
```

कोड लिहिण्याआधी वहीत तक्ता मांडा. पहिल्या ओळीत ३ मोकळ्या जागा आणि १ तारा. दुसरीत २ आणि ३, तिसरीत १ आणि ५, चौथीत ० आणि ७. आता दोन्ही रकाने `i` च्या भाषेत सांगायचे. मोकळ्या जागा दर ओळीला एकाने कमी होतात आणि ओळीचा क्रमांक मिळवला की बेरीज दर वेळी ४ येते, म्हणून त्या `n - i`. तारे दर ओळीला दोनाने वाढतात, म्हणजे सूत्रात `2 * i` हवं. पण पहिल्या ओळीत त्याने २ येतात आणि आपल्याला १ हवा, म्हणून एक वजा: `2 * i - 1`. चौथ्या ओळीवर ताळा करा, आठातून एक गेला, सात. जुळलं.

सूत्रं हाती आली की कोड जवळजवळ आपोआप उतरतो.

```c
for (i = 1; i <= n; i++) {
    for (j = 1; j <= n - i; j++)
        printf(" ");
    for (j = 1; j <= 2 * i - 1; j++)
        printf("*");
    printf("\n");
}
```

आतले दोन लूप एकमेकांच्या पोटात नाहीत, शेजारी आहेत. आधी जागा, मग तारे. दोघांनी `j` वापरला तरी बिघडत नाही, कारण दुसरा लूप सुरू होताना तो पुन्हा १ होतो. शेवटच्या ओळीत मोकळी जागा नाही म्हणून काही मुलं वेगळा `if` घालतात. त्याची गरज नाही. `i` चार असताना `n - i` शून्य होतं, `1 <= 0` ही अट पहिल्याच तपासणीत खोटी ठरते आणि लूप एकदाही फिरत नाही.

चूक झाली तर पडद्यावरचा बिघडलेला आकारच ती कुठे आहे ते सांगतो, म्हणून तो पुसण्याआधी नीट पाहावा. सगळं एकाच ओळीत असं आलं,

```
   *  *** ************
```

तर ओळ मोडणारा `printf("\n")` बाहेरच्या लूपच्याही बाहेर पडला आहे. शेवटी सलग बारा तारे दिसतात ते तिसऱ्या ओळीचे पाच आणि चौथीचे सात. मध्ये जागा नसल्याने चिकटले. उलट, प्रत्येक तारा स्वतंत्र ओळीवर येऊन सोळा ओळींची रांग लागली, तर तोच `printf` ताऱ्यांच्या लूपच्या आत शिरला आहे. पिरॅमिडऐवजी उजवीकडून डावीकडे उतरणारी चार ताऱ्यांची तिरपी रेघ आली, तर ताऱ्यांच्या `for` च्या कंसापुढे नकळत सेमीकोलन पडला आहे. लूप रिकामाच फिरतो आणि तारा नंतर एकदाच छापला जातो. कंपायलर याला चूक म्हणून अडवत नाही, त्यामुळे ही सापडायला सगळ्यात वेळ लागतो. आणि पडदा ताऱ्यांनी भरतच चालला तर `Ctrl+C` दाबून थांबवा आणि ताऱ्यांच्या लूपमध्ये `j` च्या जागी `i` गेला आहे का ते पाहा. `i <= 2 * i - 1` ही अट `i` वाढेल तशी खरीच राहते.

पुस्तकांत पिरॅमिडची आणखी एक रीत दिसते: तारा आणि त्यामागे एक जागा, म्हणजे `"* "`, असं प्रत्येक ओळीत `i` वेळा छापायचं. तीही बरोबर आहे, आकार फक्त विरळ दिसतो. गोंधळ होतो तो दोन्ही रीती एकत्र केल्यावर. `2 * i - 1` वेळा `"* "` छापलं की ओळ जवळजवळ दुप्पट रुंद होते आणि पिरॅमिड उजवीकडे पसरत जातो. छापायचा तुकडा एक अक्षर रुंद की दोन, हे ठरल्याशिवाय सूत्र ठरत नाही.

ताऱ्यांऐवजी आकडे आले की हीच गोष्ट पुन्हा भेटते. ताऱ्याच्या जागी `j` छापला की पाचव्या ओळीपर्यंत छान पिरॅमिड येतो, शेवटची ओळ 123456789. सहाव्या ओळीत 10 आणि 11 येतात, ते प्रत्येकी दोन अक्षरांची जागा घेतात आणि उजवी बाजू बाहेर येते. उपाय असा की प्रत्येक आकड्याला सारखी रुंदी द्यायची, `"%3d"` वापरून, आणि डावीकडच्या प्रत्येक मोकळ्या जागेऐवजीही तीन जागा छापायच्या. दुसरा अर्धा भाग विसरला की आकृती पुन्हा कलते.

जर्नलसाठी आउटपुट वर्डमध्ये चिकटवल्यावर पिरॅमिड मोडलेला दिसला, तर कोडला हात लावू नका. तिथल्या नेहमीच्या टंकात मोकळी जागा आणि तारा यांची रुंदी सारखी नसते. टंक कुरियर न्यू केला की आकार जागेवर येतो.

उलट्या पिरॅमिडसाठी दोन्ही सूत्रं तशीच राहतात, फक्त बाहेरचा लूप `n` पासून 1 पर्यंत उतरता चालवायचा. सुलट्याखाली उलटा जोडला की हिरा होतो. तिथे उतरता लूप `n` ऐवजी `n - 1` पासून सुरू करावा लागतो, नाहीतर मधली सर्वात रुंद ओळ दोनदा छापली जाते.