चौथ्या मेलनंतरचा फोन

समजा, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपने कंपनीला 200 ब्रॅकेट पाठवले आणि अख्खा लॉट रिजेक्ट झाला. मालकाने मेल केला, ‘माल ड्रॉइंगप्रमाणेच आहे.’ खरेदी विभागाचं उत्तर आलं, ‘ड्रॉइंग नीट पाहावे.’ तिसऱ्या मेलची सुरुवात ‘आधीच कळवल्याप्रमाणे’ अशी झाली. चौथ्यात दोन्हीकडचे साहेब सीसीत आले.

फोनची वेळ झाली आहे का, हे ओळखायला शेवटचे दोन मेल पुन्हा वाचावेत. त्यांत नवी माहिती असेल, तर मेल चालू द्यावेत. जुनीच वाक्यं जास्त कडक शब्दांत आली असतील, तर लिहिणं थांबवावं. सीसीत नावं वाढली की माणूस समोरच्यासाठी लिहीत नाही, साहेबांना दाखवायला लिहितो. मग माघार घेणं दोघांनाही जड जातं.

शिवाय मेलमध्ये सूर पोचत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेलच, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसे बरे नव्हते. तीच वाक्यं आवाजात ऐकणाऱ्यांना मात्र बरंच अचूक ओळखता आलं.

म्हणून मालकाने तडक फोन लावावा, असं नाही. समोरच्याच्या हाताशी कागद नसतात, आणि तो बचावाच्या पवित्र्यात जातो. आधी असा मेल पाठवावा:

‘नमस्कार सर, तुमची अडचण मला नीट समजलेली दिसत नाही. उद्या 11 किंवा 4 वाजता दहा मिनिटं बोलता येईल का? फक्त भोकाच्या मापाबद्दल बोलू. ठरेल ते मी लगेच सर्वांना मेलवर कळवतो.’

यात न समजल्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. विषय एकच आहे, वेळ निवडायला दिली आहे. शेवटचं वाक्य तर सर्वांत महत्त्वाचं. नुसतं ‘फोनवरच बोलू’ म्हटलं, तर लेखी काही ठेवायचं नाही, असा संशय येतो.

फोनवर बाजू मांडण्याआधी विचारावं, ‘सर, तुमच्यासमोर कोणतं ड्रॉइंग आहे?’ इथे उलगडा झाला. ऑर्डरसोबत गेलेल्या जुन्या ड्रॉइंगमध्ये भोक 10 मिमीचं होतं, तर तपासणी 10.5 मिमीच्या सुधारित ड्रॉइंगवरून झाली होती. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होते. भोक मोठं करता येणार होतं, म्हणून माल परत आणून ते 10.5 मिमी करायचं आणि त्याचा खर्च कंपनीने द्यायचा, असं ठरलं. मालकाने त्याच दिवशी, त्याच धाग्यात, सीसीतल्या सर्वांना चार ओळींत ते कळवलं, ‘काही राहिलं असल्यास दुरुस्त करावं’ असंही लिहिलं.

मात्र कायदेशीर नोटिशीची भाषा सुरू झाली असेल, समोरचा धमकावत असेल किंवा तोंडी कबूल केलेलं नंतर नाकारत असेल, तर फोन सुचवू नये. तिथे प्रत्येक शब्द लेखीच हवा.