सहा महिन्यांची गोणी

सिमेंटच्या गोणीवर कंपनीचं नाव हातभर असतं. ते कोणत्या आठवड्यात भरलं, हे मात्र एका कडेला अंधुक शाईत छापलेलं असतं. घरमालक सांगतो, "मे महिन्यात आणलंय." पण गोणीचं वय ती कारखान्यात भरली त्या आठवड्यापासून मोजायचं, आपल्या दारात उतरली त्या दिवसापासून नव्हे. डीलरच्या गोदामात ती महिनाभर पडून असेल, तर तोही तिच्या वयात धरायचा.

कोकणात दर वर्षी कुठे ना कुठे घडणारी गोष्ट घेऊ. सहाशे चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब टाकायचा आहे. नेहमीच्या एक-दीड-तीन प्रमाणाला साधारण ५७ गोण्या लागतात, म्हणून मुकादम ६० मागवतो. गोण्यांवर १७वा आठवडा छापलेला आहे, म्हणजे एप्रिलअखेर. मेच्या मध्याला माल उतरतो, सेंटरिंगवाला आज-उद्या करतो, तेवढ्यात पाऊस सुरू होतो. स्लॅब जातो थेट ऑक्टोबरवर. तोवर गोण्या अर्धवट बांधलेल्या खोलीत, पत्र्याखाली. एक थेंबही पडला नाही, अशी मालकाची खात्री असते आणि ती बहुतेक खरीही असते.

पण सिमेंटला थेंबाची गरजच नसते. त्याच्या कणावर हवेतलं बाष्प बसलं की स्लॅबमध्ये जी क्रिया व्हायला हवी, ती तिथेच सुरू होते. कणाभोवती झालेल्या संयुगांचं कवच बनतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्यात भर घालतो. सगळ्यात बारीक कण सगळ्यात आधी खर्ची पडतात, आणि पहिल्या काही दिवसांतली ताकद नेमकी त्यांच्याकडून मिळत असते. त्यामुळे जुनं सिमेंट आळायला वेळ लावतं आणि सुरुवातीची ताकद कमी देतं. गोणी विणलेल्या प्लॅस्टिकची असते. भरताना हवा निघून जावी म्हणून तिला बारीक छिद्रं ठेवलेली असतात, आणि हवा बाहेर जाते त्याच वाटेने बाष्प आत येतं.

म्हणून कांद्याच्या चाळीचा न्याय सिमेंटला उलटा लागतो. कांद्याला वारा हवा, सिमेंटला वारा नकोच. खोलीची दारं-खिडक्या बंद हव्यात, गोण्या एकमेकींना घट्ट भिडलेल्या हव्यात. खाली फळ्या टाकून जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंची ठेवायची, भिंतीपासून दीड फूट अंतर सोडायचं. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको. पावसाळ्यात जाड प्लॅस्टिकचा कागद थप्पीच्या खालून घेऊन वर गुंडाळायचा. नुसती ताडपत्री वरून टाकली, तर खालची ओल आतच कोंडते. आणि नवा माल आला की जुना पुढे काढायचा. हे शेवटचं कोणी करत नाही, कारण नव्या थप्पीमागच्या गोण्या उपसायला बिगारी कुरकुरतात.

आता ऑक्टोबरच्या मध्यावर, ४२व्या आठवड्यात, ती खोली उघडू. गोण्यांचं वय २५ आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने. बांधकामातला रूढ नियम असा, की तीन महिन्यांपुढचं सिमेंट तपासल्याशिवाय वापरायचं नाही. पाठ्यपुस्तकांत तीन महिन्यांत वीस टक्के, सहा महिन्यांत तीस टक्के ताकद जाते असे आकडे दिलेले असतात. ते अंदाजापुरतेच. कोरड्या मराठवाड्यातली गोणी आणि कोकणातली गोणी सारख्या वेगाने म्हातारी होत नाही.

दहा-दहाच्या सहा थप्प्या आहेत. थेट कोब्यावर ठेवलेल्या सर्वांत खालच्या सहा गोण्यांचे दगड झालेत. भिंतीला टेकलेल्या थप्पीतल्या उरलेल्या नऊ गोण्यांत भिंतीकडच्या बाजूला गोळे आहेत. राहिलेल्या ४५ वरवर ठीक दिसतात, फक्त खालच्या थरांतल्या काही गोण्या हाताला घट्ट लागतात.

गोळे दोन प्रकारचे असतात आणि ते ओळखता आले की अर्धं काम झालं. वरच्या वजनाने सिमेंट दाबून बसतं. ती गोणी जमिनीवर चार वेळा लोळवली की मोकळी होते, आतला गोळा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पिठासारखा विरतो. हे सिमेंट निव्वळ गोळ्यामुळे वाईट ठरत नाही. ओलीने झालेला गोळा चिमटीत फुटत नाही, किंवा फुटला तरी खडबडीत खडे हातात येतात. त्याची क्रिया होऊन गेलेली असते. कडक सहा गोण्या बाद. भिंतीकडच्या नऊ गोण्या चाळल्या, तर चाळणीवर खडे राहतील. पण खाली पडलेली पूडही त्याच गोणीत, त्याच ओलीत होती. ती स्लॅबसाठी नाहीच.

खरा प्रश्न त्या ४५ गोण्यांचा. साइटवर दोन परीक्षा हमखास सांगतात: गोणीत हात घातला की थंड लागलं पाहिजे, आणि चिमूट पाण्यावर टाकली की आधी तरंगून मग बुडली पाहिजे. दोन्हींतून ताकदीबद्दल काहीही कळत नाही. त्यातल्या त्यात उपयोगाची परीक्षा म्हणजे काचेवर सिमेंटच्या घट्ट लगद्याची तळहाताएवढी वडी थापून ती ओलसर झाकून ठेवणे. चोवीस तासांनी खिळ्याने सहज उकरली गेली, तर सिमेंट फेकायचं. कडक झाली, तर ते अजून आळतं एवढंच सिद्ध होतं. किती भार घेईल, हे वडी सांगत नाही.

ते फक्त प्रयोगशाळा सांगते. पाच-सहा गोण्यांच्या मधल्या भागातून थोडं थोडं मिळून दहाएक किलो सिमेंट घ्यायचं, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये हवाबंद बांधून त्याच दिवशी पोचवायचं. तिथे प्रमाणित वाळूत त्याचे छोटे ठोकळे करून ठरलेल्या दिवशी दाबून फोडतात. आपलं सिमेंट फ्लायॲशवालं पीपीसी असेल, तर सात दिवसांनी किमान २२ आणि अठ्ठावीस दिवसांनी ३३ मेगापास्कल ताकद यायला हवी. समजा, सातव्या दिवशी १७ आली. तर हे सिमेंट स्लॅब, कॉलम, बीम यांना नाही. गोणीमागे साडेतीनशे-चारशे रुपये धरले, तर सोळा-अठरा हजारांचा माल स्लॅबमधून बाहेर काढायचा, हे मालकाला जड जातं.

इथे मुकादम तोडगा काढतो: "दर मिक्सला एक घमेलं जास्त टाकू." हा तोडगा फसवा आहे. ताकद किती कमी झाली हे गोणीगणिक वेगळं, त्यामुळे किती वाढवायचं याचा हिशेबच बसत नाही. शिवाय क्रिया होऊन गेलेले कण निव्वळ बारीक भुकटीसारखे वागतात. माल कोरडा वाटतो, गवंडी पाणी वाढवतो, आणि काँक्रीट आणखी कमजोर होतं. जुन्या-नव्या गोण्या मिसळल्या, तर स्लॅबचा कुठला भाग कच्चा राहिला हेही कळायचं नाही.

त्या ४५ गोण्यांना काम नाही असं मात्र नाही. अंगणातल्या फरशीखालचा पीसीसी, कंपाउंडच्या बुटक्या भिंतीचं बांधकाम, पायवाटेचा कोबा, अशा ज्या कामांवर कुणाचा जीव अवलंबून नाही, तिथे ते चालतं. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संपवायचं, कारण गोणीतली क्रिया थांबलेली नाही. बाहेरच्या गिलाव्याला मी ते वापरणार नाही. पुढच्या पावसात ओल झिरपली की स्वस्तातला गिलावा महागात पडतो. भिंतीकडच्या नऊ गोण्यांतली चाळलेली पूड फार तर पायवाटेखालच्या थरात टाकावी. आणि बाद झालेल्या सहा गोण्यांचे दगड घणाने फोडून, चाळून पुन्हा मालात घालायला कोणी निघालं, तर त्याला तिथेच थांबवावं. कुटून पीठ झालं तरी गेलेली क्रिया परत येत नाही. ते दगड जोत्यातल्या मुरमाच्या भरावात टाकता येतात.