आधी ऐका, उपाय नंतर

नववीच्या पालकसभेत समुपदेशक बाईंनी एक प्रसंग मांडला. मुलगी घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, ‘उद्यापासून मी शाळेत जाणार नाही.’ मैत्रिणींनी तिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं होतं. ‘तुम्ही काय म्हणाल?’ बाईंनी विचारलं. उत्तरं भराभर आली. ‘तू काही बोललीस का त्यांना?’ ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ ‘दुसऱ्या मैत्रिणी कर.’ ‘थांब, मी तुझ्या बाईंशीच बोलते.’

बाईंनी सगळी वाक्यं फळ्यावर लिहिली. पहिल्यात संशय ऐकू येतो, दुसऱ्यात तिचं दुःख क्षुल्लक ठरतं, तिसऱ्या-चौथ्यात प्रश्न तिच्या हातातून जातो. मग मुलगी ‘काही नाही’ म्हणून खोलीत जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी पालकांसाठी 1970 साली लिहिलेल्या पुस्तकात संवाद तोडणारे असे बारा प्रतिसाद नोंदवले आहेत. त्यांत दरडावणं, टोमणा मारणं तर आहेच. पण सल्ला, प्रश्नांची सरबत्ती, इतकंच काय, समजूत घालणंही आहे. पालकांना हेच पचायला जड जातं, कारण यातलं बरंचसं मायेपोटीच होत असतं.

मग बाईंनी तोच प्रसंग पुन्हा घेतला. आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं, शेजारी बसली. ‘फारच वाईट वाटलंय तुला.’ मुलगी उसळली, ‘वाईट नाही, राग आलाय! कुणी सांगितलंसुद्धा नाही!’ आईचा अंदाज चुकला, तरी काम झालं. मुलीला स्वतःची भावना नेमकी सापडली आणि ती बोलती झाली. ‘न सांगता काढलं, त्याचा राग,’ एवढंच आई म्हणाली आणि गप्प राहिली. ती शांतता भरून काढायची घाई करायची नाही. मुलीची वाक्यं लांबायला लागली, की आपण नीट ऐकतोय असं समजावं. शेवटी आईनं विचारलं, ‘मी नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघूया?’

मात्र मुलांचेच शब्द पोपटासारखे परत केले, तर ती लगेच ओळखतात आणि चिडतात. पालक स्वतःच संतापलेले असतील, तर ‘दहा मिनिटांनी बोलू’ म्हणणं जास्त प्रामाणिक.

आणि काही वेळा नुसतं ऐकून भागत नाही. सततची छळवणूक, कुणी केलेला नकोसा स्पर्श, हातावरचे कापल्याचे व्रण, ‘जगावंसंच वाटत नाही’ असे शब्द. अशा वेळी गुपित ठेवण्याचं वचन देऊ नये. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. टेलिमानस 14416 आणि चाइल्डलाइन 1098 या सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहेत. हे दोन्ही नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.