चाळिशीचे थेंब आणि टाचणीचं भोक

एका जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा. जवळचा चष्मा काढा आणि चांगल्या उजेडात वर्तमानपत्रातला बारीक मजकूर त्या भोकातून वाचून बघा. एरवी पुसट दिसणारी अक्षरं सुबक दिसू लागतील, पण कागद मात्र काळवंडल्यासारखा वाटेल. चाळिशीवरचे थेंब डोळ्यात हेच घडवून आणतात.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. जवळचं बघताना त्याला फुगीर व्हावं लागतं, ते आता जमत नाही, म्हणून पेपर हात लांब करून धरावा लागतो. थेंब या भिंगाला पुन्हा लवचिक करत नाहीत. ते बाहुली आकुंचित करतात. बारीक बाहुलीतून फक्त मधले किरण आत जातात, विखुरणारे कडेला अडतात आणि अक्षरांच्या कडा स्पष्ट होतात. औषध उतरलं की बाहुली पूर्ववत होते आणि चाळिशीही परत येते.

यातलं सर्वांत परिचित औषध पायलोकार्पिन. काचबिंदूसाठी ते शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याचे १.२५ टक्क्यांचे थेंब ‘व्ह्यूटी’ या नावाने चाळिशीसाठी मंजूर झाले. परिणाम पंधरा मिनिटांत सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. मात्र एका मुख्य चाचणीत, थेंब टाकल्यावर तीन तासांनी, मंद उजेडात तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता आल्या त्या शंभरातल्या सुमारे ३१ जणांना. औषध नसलेले थेंब घेणाऱ्यांत हा आकडा ८ च्या आसपास होता. फायदा खरा आहे, पण तो सगळ्यांना मिळत नाही. शिवाय चाचणीतली माणसं ४० ते ५५ वयाची होती. साठीत भिंग आणखी ताठर झालेलं असतं, तेव्हा तेवढाच परिणाम मिळेल असं धरून चालू नये.

आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या ‘प्रेसव्ह्यू’ थेंबांना परवानगी मिळाली. ‘चष्मा सुटणार’ अशा बातम्या घरोघरी पोहोचल्या. सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ती परवानगी स्थगित केली. चाळिशीवरचं औषध म्हणून मान्यता दिली होती. वाचनाच्या चष्म्याची गरज कमी होते, या दाव्याला नव्हती, असं त्यांनी सांगितलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो भोकाच्या प्रयोगाशी जुळतो. काही तास जवळचं बरं दिसणं वेगळं आणि चष्मा सुटणं वेगळं.

बाहुली बारीक म्हणजे आत उजेड कमी. म्हणून थेंब टाकून रात्री गाडी चालवणं धोक्याचं. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना तर अंधुकपणा जास्तच जाणवतो. डोळे लाल होणं आणि कपाळ दुखणं हे नेहमीचे त्रास आहेत. कपाळदुखीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पायलोकार्पिन बाहुलीबरोबर भिंगाभोवतीचा स्नायूही आवळतं. त्यामुळे लांबचं काही वेळ धूसर होऊ शकतं. याच आवळण्याचा ताण डोळ्यातल्या जेलीमार्फत पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचत असावा, असं मानतात. पडदा कमकुवत असेल तर तो फाटण्याची किंवा सुटण्याची शक्यता असते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी जाऊ शकते.

आता ४७ वर्षांच्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. लहानपणापासून उणे सातचा चष्मा, आता वह्या तपासायला दुसरा चष्मा लागतोय. थेंबांचं आकर्षण तिला सर्वांत जास्त आणि धोकाही तिलाच. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो आणि त्याचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. डॉक्टरांनी आधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याच्या कडा तपासायला हव्यात. तिथे विरळ झालेला पट्टा किंवा छिद्र दिसलं, तर तिने हे थेंब टाळावेत. तिला प्रोग्रेसिव्ह चष्मा बरा. ज्यांचा पडदा पूर्वी सुटला होता किंवा ज्यांच्या घरात तसा इतिहास आहे, त्यांनीही आधी ही तपासणी करावी. डोळ्याच्या आत सूज असेल तर हे औषध वापरूच नये, कारण बाहुली भिंगाला चिकटू शकते. अरुंद कोनाच्या काचबिंदूचा धोका असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

२०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ॲसेक्लिडीन हे औषध मुख्यतः बाहुलीवर काम करतं आणि त्या स्नायूला फारसं आवळत नाही. तरी पडदा तपासून घेण्याचा सल्ला त्यालाही लागू आहे.

थेंब सुरू केल्यावर डोळ्यासमोर विजेसारखे लखलखाट झाले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर थेंब तिथेच थांबवायचे आणि त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. डोळा दुखत नाही म्हणून थांबू नये. पडदा सुटताना दुखत नाही.