समोर सातजण बसलेत, मग 'सर' म्हणजे नेमके कोण?

पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय असो की रोह्याचं डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अशा कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर एका साहेबांना पटवून भागत नाही. समोर अख्खी निवड समिती बसते.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार या समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी आणि बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असतात. काही वेळा मागासवर्गीय, महिला किंवा दिव्यांगांचं प्रतिनिधित्व करणारा आणखी एक सदस्य येतो. किमान 5 जण हजर हवेत. त्याच नियमांत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. पदव्या आणि शोधनिबंधांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते मोजले जातात. अंतिम निवड मुलाखतीवरच होते. म्हणजे त्या खोलीतली काही मिनिटंच सगळं ठरवतात.

सुरुवात अर्जापासून. लिफाफ्यावर जाहिरातीत दिलेला पत्ताच टाकायचा, मग तो प्राचार्यांचा असो वा सचिवांचा. पण सोबतचं पत्र वाचणारे अनेक असतात. त्यामुळे 'आदरणीय सर' अशी सुरुवात केली की समितीतल्या बाई पहिल्याच ओळीत बाहेर पडतात. 'मा. अध्यक्ष व सदस्य, निवड समिती' असा मायना आणि खाली 'महोदय / महोदया' इतकं पुरतं. 'आपल्या थोर संस्थेच्या पावन छायेत' वगैरे भाषा टाळलेली बरी. अध्यक्षांना ती कदाचित आवडेल, पण बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचा संस्थेशी संबंधच नसतो. त्याला तो मस्का वाटतो.

प्रत्यक्ष मुलाखतीत खरी अडचण वेगळीच असते. प्रश्न एकजण विचारतो, पण उत्तराला गुण सगळे देतात, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी वेगळं हवं असतं.

समजा, पेणची एक उमेदवार रोह्याला वाणिज्य विषयासाठी मुलाखतीला गेली आहे. विषयतज्ज्ञ इंग्रजीत विचारतात, इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे काय? ती तज्ज्ञांकडे पाहत कलमांसकट तीन मिनिटं बोलते. उत्तर अचूक आहे. पण अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागतात आणि शेवटी म्हणतात, "हे आमच्या पोरांना कसं समजवाल?" हा नवा प्रश्न नाही. आधीचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही, याची ही खूण आहे.

तेच उत्तर असंही देता येतं. आधी तज्ज्ञांकडे बघून एका वाक्यात व्याख्या: खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय. मग नजर हळूहळू बाकीच्यांकडे वळवत उदाहरण: "धाटावच्या एखाद्या केमिकल कारखान्यानं 1 लाखाचा कच्चा माल घेतला. कर 18 टक्के धरला तर 18 हजार भरले. तयार माल दीड लाखाला विकला, त्यावर कर 27 हजार. सरकारला द्यायचे फक्त उरलेले 9 हजार." शेवटचं वाक्य पुन्हा तज्ज्ञांकडे बघून: "ही सवलत घ्यायची तर पावती आणि विवरणपत्र जुळावं लागतं." तज्ज्ञांना विषयाची पकड दिसते, प्राचार्यांना शिकवण्याची पद्धत, आणि अध्यक्षांना रोह्याच्या मुलांची जाण. मिनिटभर पुरतं. नजर मात्र पंख्यासारखी फिरवायची नाही. सुरुवात आणि शेवट प्रश्न विचारणाऱ्याकडे, मधला भाग सगळ्यांकडे.

'सर' हा शब्दही गोंधळ घालतो. सगळ्यांनाच सर म्हटलं तर कोणाला उद्देशून बोलतोय ते कळत नाही, आणि सवयीनं मॅडमनाही 'सर' जातं. त्यावर साधा उपाय म्हणजे पद वापरणं: "प्राचार्य सरांनी मघाशी विचारलं त्याला जोडून सांगते..." किंवा "मॅडमचा मुद्दा असा होता की..." यानं आधीचा प्रश्नकर्ताही पुन्हा संभाषणात येतो. बोलताना 'आपण' की 'तुम्ही'? दोन्ही चालतं. पण अध्यक्षांना 'आपण' आणि विभागप्रमुखांना 'तुम्ही' असं केलं की उतरंड लगेच ऐकू येते. एकच निवडून सगळ्यांना तेच वापरावं.

सर्वात नाजूक प्रसंग म्हणजे दोन सदस्यांचं आपसातच जुळत नाही तेव्हा. एक म्हणतो शिकवणं मराठीतून व्हावं, दुसरा म्हणतो इंग्रजीच हवी. "दोघंही बरोबर आहात" हे उत्तर कोणालाच पटत नाही. "संज्ञा इंग्रजीत ठेवेन, कारण पुढच्या परीक्षांत त्याच येतात. स्पष्टीकरण मराठीत देईन, कारण बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात," असं म्हटलं की भूमिका स्पष्ट होते आणि दोघांच्याही मुद्द्याला उत्तर मिळतं. ते न पटलेला सदस्य पुढे खोदून विचारेलही. अशा वेळी ज्यानं बाजू घेतली त्याच्याकडे मदतीसाठी पाहायचं नाही. विचारणाऱ्याकडे बघूनच कारण पुन्हा सांगायचं.


उठताना धन्यवाद एकदाच, सगळ्यांना मिळून. फक्त अध्यक्षांच्या टेबलाजवळ जाऊन वाकून नमस्कार केला, तर बाकीचे सहाजण ते बघत असतात.